कॉर्टिसोल, हिप्पोकॅम्पस आणि विसरभोळेपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याच्या माझ्या ओपीडीत संप्रेरकांच्या आजारांचे रुग्ण येतात. गेली काही वर्षं थायरॉइड आणि साखरेच्या खालोखाल एक प्रश्न सतत कानावर येतो: "डॉक्टर, टेन्शनने कॉर्टिसोल वाढतं आणि मेंदू आक्रसतो म्हणे. माझं तेच झालंय का?" बहुतेकांचं तसं झालेलं नसतं. पण ज्या थोड्यांचं झालेलं असतं, त्यांच्या हे डोक्यातही नसतं. म्हणून हे पान.

ताण घेतला की मेंदू आक्रसतो, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक. रक्तातलं कॉर्टिसोल महिनोन्‌महिने खरोखर जास्त राहिलं, तर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं आकारमान कमी होतं आणि नवी माहिती लक्षात राहणं अवघड होतं, याला चांगला आधार आहे. 'खरोखर जास्त' म्हणजे शरीर स्वतः जेवढं बनवतं त्याच्या कितीतरी पट. ऑफिसातला कटकट्या साहेब, चवथीच्या आधीची धावपळ किंवा मुलाची बारावी यांतून सहसा तेवढं कॉर्टिसोल तयार होत नाही. साध्या ताणाबद्दलचा पुरावा बराच पातळ आहे. तो का पातळ आहे, ते पुढे येईल.

ताणाचा 'अक्ष' म्हणतात, तो म्हणजे नेमकं काय?

तीन ठिकाणांची साखळी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं आणि खाली लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीत पोचतं. पिट्यूटरी त्यावर एसीटीएच सोडते. ते रक्तातून मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत जातं आणि तिथे कॉर्टिसोल तयार होतं. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसोल शिगेला पोचतं. प्रसंग सरला की ते उतरू लागतं आणि तासा-दीड तासात निम्म्यावर येतं.

ते उतरतं ते आपोआप नव्हे. कॉर्टिसोल स्वतःच पिट्यूटरीला आणि हायपोथॅलॅमसला 'आता पुरे' असं सांगतं. छपरावरच्या टाकीत पाणी भरलं की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो, तसंच. या रोधात हिप्पोकॅम्पसचाही वाटा असतो, हे लक्षात ठेवा.

मग कॉर्टिसोल वाईटच म्हणायचं का?

अजिबात नाही. ते नसेल तर साध्या जुलाबातही माणूस कोसळू शकतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल दिवसातलं सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. ही चढ-उतार निरोगीपणाची खूण आहे. बिघाड होतो तो रात्रीचा तळ नाहीसा झाला, पातळी चोवीस तास वरच राहिली, तर.

सगळा मेंदू सोडून हिप्पोकॅम्पसच का?

१९६८ मध्ये ब्रूस मॅकइवन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिकोस्टेरॉन दिलं. उंदरात कॉर्टिसोलचं काम हेच संप्रेरक करतं. मेंदूत ते कुठे जाऊन बसतं ते पाहिलं, तर सर्वाधिक सापडलं हिप्पोकॅम्पसमध्ये. तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष हायपोथॅलॅमसवर होतं. आठवणींचं काम करणारा भाग ताणाच्या संप्रेरकाचं मोठं लक्ष्य असेल, अशी कुणाची फारशी अपेक्षा नव्हती.

पुढे १९८०च्या दशकात दिसलं की तिथे कॉर्टिसोल पकडणारे दोन प्रकारचे ग्राहक-रेणू आहेत. पहिला मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहक. तो अगदी कमी कॉर्टिसोललाही घट्ट धरतो, त्यामुळे शांत वेळेसुद्धा तो बराचसा भरलेला असतो. दुसरा ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहक. त्याची पकड साधारण दहापट सैल, म्हणून तो भरतो ते सकाळच्या चढावर किंवा ताणाच्या वेळी. पहिला भरलेला आणि दुसरा थोडासा, अशी स्थिती शिकायला उत्तम. थोडासा ताण असताना घडलेलं पक्कं लक्षात राहतं, ते यामुळे. पण दुसराही तुडुंब भरला आणि दिवसेंदिवस तसाच राहिला, की पेशींमधल्या संदेशांचे जोड दृढ होण्याची क्रिया मंदावते. थोडं उपकारक आणि फार अपायकारक असं जे म्हणतात, त्यामागे हे दोन ग्राहक आहेत.

हिप्पोकॅम्पस या साखळीच्या रोधाचाही भाग आहे. त्यामुळे तोच दुबळा झाला तर रोध सैल पडेल, कॉर्टिसोल आणखी वाढेल आणि हिप्पोकॅम्पस आणखी खचेल, असा विचार रॉबर्ट सपोल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडला. विचार देखणा आहे आणि म्हाताऱ्या उंदरांत त्याला आधारही मिळाला. माणसांत हे चक्र असंच स्वतःहून फिरत सुटतं, असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही. कॉर्टिसोलचा स्रोत बंद केला की माणसाची प्रकृती बहुधा सुधारते, आणखी ढासळत नाही.

आक्रसतो म्हणजे काय होतं? पेशी मरतात का?

गैरसमज सर्वांत जास्त इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९९० मध्ये वूली, गूल्ड आणि मॅकइवन यांनी उंदरांना २१ दिवस रोज कॉर्टिकोस्टेरॉन टोचलं आणि हिप्पोकॅम्पसमधल्या सीए३ या पट्ट्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशी जागच्या जागी होत्या. पण संदेश घेणाऱ्या त्यांच्या फांद्या आखूड झाल्या होत्या आणि त्यांना फुटणारे फाटेही कमी झाले होते. १९९२ मध्ये इंजेक्शन न देता, उंदरांना रोज सहा तास याप्रमाणे २१ दिवस अरुंद नळीत अडकवून ठेवलं, तरी हाच परिणाम दिसला. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की अडकवणं थांबवल्यावर दहा-एक दिवसांत फांद्या बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात.

दुसरी गोष्ट शेजारच्या डेन्टेट गायरस या भागातली. प्रौढ उंदरात तिथे नव्या चेतापेशी जन्मत असतात आणि ताणात हा जन्मदर घसरतो. माणसात प्रौढपणी तिथे किती पेशी जन्मतात यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, त्यामुळे माणसाच्या हिशेबात मी याला फार वजन देत नाही.

पेशी प्रत्यक्ष मेल्याचे दाखलेही आहेत, पण ते टोकाचे. १९८९ मध्ये पिंजऱ्यातल्या व्हर्व्हेट माकडांचा एक अहवाल आला. कळपातल्या दांडग्या माकडांनी सतत छळलेली काही माकडं जठरातल्या व्रणांसकट मेली होती. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, विशेषतः सीए३ मध्ये, पेशींचा ऱ्हास दिसला. माणसात मात्र नैराश्याच्या रुग्णांचे आणि स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखं औषध, घेतलेल्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा पेशींचा मोठा संहार आढळला नाही.

म्हणून एमआरआयवर जे आकारमान घटलेलं दिसतं, त्यात बहुतेक वाटा आखूड झालेल्या फांद्यांचा, कमी झालेल्या जोडांचा आणि कदाचित ऊतीतल्या पाण्याचाही असावा. पेशी मेल्या असत्या तर भरून येण्याची आशा सोडावी लागली असती. फांद्या छाटल्या गेल्या असतील तर तशी नसते.

माणसात हे कशावरून कळलं?

निसर्गाने स्वतःच केलेला एक प्रयोग आहे: कुशिंगचा आजार. पिट्यूटरीत बारीक गाठ होते, बहुतेक वेळा एक सेंटिमीटरहूनही लहान. ती कुणाचं न ऐकता एसीटीएच सोडत राहते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी रात्रंदिवस कॉर्टिसोल बनवत राहतात. रुग्णाच्या घरी ताण असो वा नसो, रक्तात ताणाचं संप्रेरक भरलेलं. ताणाच्या इतर गोष्टींपासून, म्हणजे झोपमोड, दारू, दुःख यांपासून, एकट्या कॉर्टिसोलचा परिणाम वेगळा काढायचा तर याहून चांगली संधी नाही.

मोनिका स्टार्कमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशा १२ रुग्णांचे एमआरआय तपासले. ज्यांचं कॉर्टिसोल जास्त, त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान. आणि ज्यांचा हिप्पोकॅम्पस लहान, त्यांना नव्याने ऐकलेले शब्द आणि गोष्टी कमी आठवत होत्या. रुग्ण फक्त १२ होते, हेही खरं. पण याच गटाने १९९९ मध्ये २२ रुग्णांचे शस्त्रक्रियेआधीचे आणि कॉर्टिसोल आटोक्यात आल्यानंतरचे एमआरआय ताडून पाहिले. हिप्पोकॅम्पसचं आकारमान सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं, काहींत दहा टक्क्यांपर्यंत. आधी लहान आणि मग मोठा, तेही त्याच माणसांत. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

निरोगी माणसांवरचा १९९९ चा एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे. न्यूकमर आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना चार दिवस कॉर्टिसोलच्या गोळ्या दिल्या, एका गटाला रोज ४० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याला १६०. १६० वाल्यांची ऐकलेला परिच्छेद आठवून सांगण्याची क्षमता चौथ्या दिवशी घसरली, ४० वाल्यांची नाही. गोळ्या थांबवल्यावर सहा दिवसांत घसरण भरून निघाली. चार दिवसांत काही मेंदू आक्रसत नाही, म्हणजे स्मृतीवरचा परिणाम आकारमानाच्या आधी सुरू होतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? एखादं उदाहरण द्या.

पुढची बाई एक नाही. अनेक रुग्णांच्या तपशिलांतून तिला मी घडवलं आहे आणि आकडे नमुन्यादाखल आहेत.

वय बावन्न. म्हार्दोळच्या बाजूला फुलांचा व्यवसाय. सकाळी जायांचे नि अबोलीचे वळेसर कुणाला किती द्यायचे, उधारी कुणाची किती, सगळं तोंडपाठ. दीड-दोन वर्षांपूर्वी बोटांची पेरं सुजू लागली, सकाळी मूठ वळेना. एका डॉक्टरने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दहा मिलिग्रॅम थोड्या दिवसांसाठी लिहून दिलं. तिसऱ्याच दिवशी आराम. दिवस संपले, पण चिठ्ठी पर्समध्ये राहिली आणि त्या चिठ्ठीवर गोळ्या मिळत राहिल्या. पुढे दुखणं डोकं वर काढायला लागलं तशी ती एकाऐवजी दोन घेऊ लागली. म्हणजे रोज वीस मिलिग्रॅम, सुमारे दीड वर्ष.

ती आली ती विसरण्यासाठी नव्हे, वाढलेल्या साखरेसाठी. विसरण्याचं मुलाने सांगितलं. "आई आता उधारी वहीत लिहिते. चवथीला एकाच गिऱ्हाइकाची ऑर्डर दोनदा घेतली. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी परत विचारते." त्यावर ती चिडली: "वय झालं म्हणून काय वेडी झाले काय रे?" वेडी मुळीच नव्हती. आईकडून शिकलेल्या खतखत्यात कुठली भाजी कधी घालायची, हे तिने मला न अडखळता सांगितलं.

चेहरा गोल आणि लालसर, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, हातावर कुठे आपटलं हेही न आठवणारे काळेनिळे डाग. खाली बसवलं तर हात टेकल्याशिवाय उठता येईना. दंड-मांड्यांचे स्नायू ओसरले होते. रक्तदाब १५०/९४.

मी तिला पंचवीस तपशील असलेली एक छोटी गोष्ट वाचून दाखवली. लगेच विचारल्यावर नऊ तपशील सांगितले, अर्ध्या तासाने तीन. आकडे उलट-सुलट म्हणणं आणि घड्याळाचं चित्र काढणं जमलं. लक्ष ठीक, जुनं ठीक, नवं मात्र टिकत नाही. हिप्पोकॅम्पसच्या दुखण्याची खूण अशीच असते. अर्थात ती फक्त कॉर्टिसोलनेच होते असं नाही, म्हणून बी-१२ आणि थायरॉइड पाहिले. दोन्ही ठीक.

मग सकाळी आठला, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, कॉर्टिसोल तपासलं: १.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. फारच कमी! मुलगा म्हणाला, "मग कॉर्टिसोल वाढलंय कुठे?" प्रश्न बरोबर होता. प्रेडनिसोलोन कॉर्टिसोलच्याच ग्राहकांवर बसतं. मेंदूला वाटतं भरपूर आहे, म्हणून सीआरएच आणि एसीटीएच बंद पडतात आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी जातात. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल जवळपास शून्य, पण ग्राहक मात्र बाहेरच्या औषधाने ओसंडून भरलेले.

किती भरलेले, तेही काढता येतं. पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे अंदाजे वीस मिलिग्रॅम कॉर्टिसोल. तिचे वीस म्हणजे ऐंशी. निरोगी शरीर दिवसाला साधारण दहाच्या आसपास बनवतं. म्हणजे सात-आठ पट, दीड वर्ष. न्यूकमरच्या दोन मात्रांच्या मधला हा आकडा आहे, पण तिथे चार दिवस होते.

यात सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गोळी एकदम बंद करणं. ग्रंथी झोपलेल्या असताना तसं केलं तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यू. आम्ही संधिवाताच्या डॉक्टरांकडून मेथोट्रेक्सेट सुरू करून घेतलं, म्हणजे सांध्यांना दुसरा आधार झाला. मग प्रेडनिसोलोन काही आठवड्यांच्या अंतराने उतरवत पाचपर्यंत आणलं आणि तिथून पुढे महिन्याला एकेक मिलिग्रॅम. ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर मात्रा तात्पुरती वाढवायची, हे घरच्यांना कागदावर लिहून दिलं. सकाळचं कॉर्टिसोल दहाच्या वर गेल्यावरच शेवटची गोळी थांबवली. वर्षभराने पुन्हा तशीच, पण वेगळी गोष्ट वाचली: लगेच बारा, अर्ध्या तासाने आठ. उधारी ती अजून वहीतच लिहिते.

स्टिरॉइड इतकं घातक असेल तर डॉक्टर देतात कशाला?

दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार यांत ते जीव आणि अवयव वाचवतं. दम्याच्या झटक्यात पाच-सात दिवस घेतलेल्या गोळ्यांनी हिप्पोकॅम्पसची काळजी करायचं कारण नाही. पंपातून ओढलेल्या औषधाची रक्तात पोचणारी मात्राही नेहमीच्या डोसात थोडी असते. भीती आहे ती देखरेखीविना महिनोन्‌महिने चाललेल्या गोळीची. आणि सांधेदुखीवर 'शंभर टक्के देशी' म्हणून हातात पडणाऱ्या, लेबल नसलेल्या पुडीची. पुडीने दोन दिवसांत जादू केली तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या, पण तीही एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

कर्ज, नोकरी, घरातली भांडणं यांच्या ताणाने असं होत नाही का?

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली-सत्तरीकडचे कितीतरी ट्रकमालक हप्त्यांच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं होते. त्यांचा ताण खोटा होता असं कोण म्हणेल? पण ताण जाणवणं आणि कॉर्टिसोल सतत जास्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबलेल्या ताणात काहींचं कॉर्टिसोल थोडं वाढतं, काहींचं तसंच राहतं, आणि आघातोत्तर ताणविकाराच्या काही अभ्यासांत तर ते कमीच आढळलं आहे.

लहान हिप्पोकॅम्पस ताणामुळे झाला की आधीपासूनच होता, हाही पेच आहे. २००२ मध्ये गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धात लढलेले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ यांचे एमआरआय तपासले. ज्या सैनिकांना तीव्र आघातोत्तर ताणविकार होता त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. पण घरी राहिलेल्या त्यांच्या भावांचाही तेवढाच लहान! म्हणजे निदान तिथे तरी लहान हिप्पोकॅम्पस हा परिणाम नसून आधीचीच जोखीम होती. 'ताणाने मेंदू आक्रसतो' असं छातीठोक सांगणारे या अभ्यासाचं नाव क्वचितच काढतात.

दुसरी बाजूही सांगतो. १९९८ मध्ये सोनिया लुपियन यांच्या गटाने काही वृद्धांचं कॉर्टिसोल अनेक वर्षं मोजलं. ज्यांचं वर्षागणिक वाढत गेलं आणि जास्त राहिलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस मध्यम कॉर्टिसोलवाल्यांपेक्षा १४ टक्के लहान होता आणि स्मृतीही कमी. माणसं मूठभरच होती. पण उतारवयात, आजार नसतानाही, कॉर्टिसोल वर राहिलं तर परिणाम होऊ शकतो, असं हा अभ्यास सुचवतो. नैराश्य वारंवार येणाऱ्यांतही हिप्पोकॅम्पस सरासरीने किंचित लहान आढळतो. ताणाचा प्रश्न नैराश्यापर्यंत पोचला असेल तर कॉर्टिसोलची वाट न बघता त्यावर उपचार घ्यावेत.

परीक्षेत सगळं विसरलं. हे कॉर्टिसोलमुळेच ना?

बहुधा हो, पण आक्रसण्यामुळे नव्हे. कॉर्टिसोल चढलेलं असताना साठवलेली माहिती बाहेर काढणं अवघड जातं. दोमिनिक द क्वेर्व्हँ यांनी २००० मध्ये माणसांना आठवून सांगण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची, म्हणजे शरीरात जाऊन ज्याचं कॉर्टिसोल बनतं त्याची, एक गोळी देऊन हे दाखवलं. माहिती पुसली गेलेली नसते. पेपर देऊन बाहेर पडल्यावर कदंबच्या बसमध्ये बसताच उत्तर आठवतं, ते त्यामुळेच.

लॅबमध्ये कॉर्टिसोल तपासून घेऊ का?

सुटी तपासणी स्वतःहून करू नका. सकाळी काढलेला एक आकडा जवळपास काहीच सांगत नाही. रात्रीची झोपमोड, सुईची भीती, लॅबपर्यंतची धावपळ, सगळ्याने तो वर जातो. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने कॉर्टिसोल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि आकडा फुगतो, प्रत्यक्षात जास्त काहीच नसताना. 'कॉर्टिसोल २४, घाबरायचं का?' असं विचारत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कारण यांतलंच एखादं निघतं.

कुशिंगची शंका खरोखर असेल तर तपासण्या वेगळ्या आहेत. रात्री अकरा-बाराला डेक्सामेथासोन एक मिलिग्रॅम घ्यायचं आणि सकाळी आठ-नऊला रक्त द्यायचं. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबतं. दबलं नाही तर फ्लोट काम करत नाही असं समजून पुढचा तपास. दुसरी तपासणी मध्यरात्रीच्या लाळेतल्या कॉर्टिसोलची, तळ शाबूत आहे का हे पाहण्यासाठी. तिसरी चोवीस तासांच्या लघवीची. निदान पक्कं करायला यांतल्या किमान दोन बिघडलेल्या असाव्या लागतात.

मांडवीतल्या कसिनोत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांनी लाळेची तपासणी करू नये. त्यांची मध्यरात्र ही त्यांची दुपार असते, त्यामुळे तळ हलून भलत्याच वेळी गेलेला असतो आणि अहवाल उगाच घाबरवतो.

एमआरआयमध्ये आक्रसलेला दिसेल का?

एकट्या माणसाच्या एमआरआयवरून सांगणं कठीण. हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन-चार घन सेंटिमीटरचा. माणसामाणसांतला नैसर्गिक फरकच इतका असतो की तीन टक्क्यांची घट त्यात हरवून जाते. अभ्यासांत ती दिसते, कारण तिथे गटांची सरासरी असते किंवा त्याच माणसाचे आधीचे नि नंतरचे फोटो असतात. रिपोर्टमध्ये हिप्पोकॅम्पस ठळकपणे बारीक झाल्याचं लिहिलं असेल तर कॉर्टिसोलच्या आधी अल्झायमरचा विचार करावा लागतो.

झालेलं नुकसान भरून येतं का?

बरंचसं, पण पूर्ण नेहमीच नाही. कुशिंगचे रुग्ण बरे झाल्यावर स्मृती सुधारते, तरी काहींना वर्षांनंतरही नावं आणि निरोप लक्षात ठेवायला जड जातं. आजार किती काळ अंगावर काढला आणि वय किती, यावर खूप अवलंबून असतं. पहिला उपचार एकच: कॉर्टिसोलचा किंवा स्टिरॉइडचा स्रोत काढणं. तो चालू ठेवून बदाम खाण्यात अर्थ नाही.

चालण्याबद्दल एक चांगला पुरावा आहे. २०११ मध्ये अमेरिकेत १२० वयस्कांवर वर्षभर अभ्यास झाला. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग साधारण दोन टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा घटला. पण हे कॉर्टिसोल उतरल्यामुळे झालं, असा त्या अभ्यासाचा दावा नाही.

कॉर्टिसोल उतरवणारी चूर्णं, गोळ्या घेऊ का?

अश्वगंधाबद्दल विचारतात सगळे. काही लहान अभ्यासांत तिने रक्तातलं कॉर्टिसोल थोडं कमी झाल्याचं दिसलं. पण ज्याचं कॉर्टिसोल मुळात जास्त नाही त्याचं उतरवून हिप्पोकॅम्पसला काय मिळणार? कुशिंगच्या आजारावर तो उपचार नाहीच. काहींत यकृताला सूज आल्याचे अहवाल आहेत आणि थायरॉइडवरही परिणाम होऊ शकतो. मी लिहून देत नाही.

मग डॉक्टरकडे केव्हा जावं आणि काय घेऊन जावं?

विसरण्यासोबत जांभळे रुंद पट्टे, सहज पडणारे काळेनिळे डाग, जिना चढताना मांड्या भरून न येता नुसत्या ढिल्या पडणं, किंवा नव्यानेच वाढलेली साखर आणि रक्तदाब असेल तर संप्रेरकतज्ज्ञ गाठा. यांतलं काहीच नसेल आणि नुसतं विसरायला होत असेल, तर आधी फॅमिली डॉक्टरकडून बी-१२, थायरॉइड, झोपेतलं घोरणं आणि मनःस्थिती पाहून घ्या. कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

जाताना गेल्या दोन वर्षांत घेतलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या: गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, मलमाच्या ट्यूबा, दम्याचा पंप, शेजारणीने दिलेली पुडीसुद्धा. त्वचेला गोरं करणाऱ्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असतं, ते 'औषध' म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि घरातलं कुणीतरी सोबत असू द्या. काय विसरलं हे विसरणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.